रुबलांची पंगत

मिखाईल झोश्चेन्को या सोव्हिएत काळातल्या विनोदी लेखकाची ‘कचिर्गा’ नावाची एक कथा आहे. कचिर्गा म्हणजे भट्टीतले निखारे खालीवर करायची लोखंडी सळई. एका कचेरीत खोल्या ऊबदार ठेवायला सहा भट्ट्या आहेत आणि सळई मात्र एकच. भट्ट्या सांभाळणारा माणूस ती तापलेली सळई घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत असतो. एक दिवस कुणालातरी चटका बसतो, आणि साहेब ठरवतात की वरून आणखी पाच सळया मागवायच्या, म्हणजे प्रत्येक भट्टीला स्वतःची सळई होईल.

अर्ज लिहायला बसल्यावर गाडी अडते. ‘पाच’ इथवर ठीक, पण त्यापुढे ‘कचिर्गा’चं कोणतं रूप लिहायचं? सगळे जन्माने रशियन बोलणारे, लिहून-वाचून पोट भरणारे, पण एकालाही ते रूप खात्रीने सांगता येत नाही. एकेक जण तोंडाला येईल ते म्हणून बघतो आणि स्वतःच अडखळतो. शेवटी अर्ज असा फिरवून लिहिला जातो की आजवर सहा भट्ट्यांमागे एकच सळई होती, तरी आणखी पाच नग मिळावेत. आपल्याकडच्या मुरलेल्या कारकुनानेही अशा वेळी ‘नग’ या शब्दाचाच आसरा घेतला असता.

या गोष्टीतली खरी गंमत रशियन वाचकाला लगेच कळते. त्यांना दोन, तीन किंवा चार सळया हव्या असत्या, तर अर्ज अर्ध्या मिनिटात झाला असता. अडचण पाचाने केली. रशियन भाषेत आकडा बदलला की त्याच्या पुढच्या नामाची विभक्ती बदलते, आणि ती चारनंतर एकदम वेगळी होते.

आपण रुबलाचंच उदाहरण घेऊ. (उच्चार देवनागरीत जमेल तितके जवळचे दिले आहेत.)

१ : अदीन रुब्ल
२, ३, ४ : द्वा, त्री, चितीरे रुब्ल्या
५ ते २० : प्यात् रुब्ल्येय, आणि असंच वीसपर्यंत
२१ : द्वात्सत् अदीन रुब्ल

पहिलं रूप साधं आहे, प्रथमेचं एकवचन. दुसऱ्या ओळीतलं ‘रुब्ल्या’ हे षष्ठीचं एकवचन, म्हणजे शब्दशः ‘दोन रुबलाचे’. तिसऱ्या ओळीतलं ‘रुब्ल्येय’ हे षष्ठीचं अनेकवचन, ‘पाच रुबलांचे’. आणि एकवीसवर पोहोचलो की पुन्हा ‘एकवीस रूबल’ असं एकवचन. खिशात एकवीस नाणी असली तरी व्याकरणात नाणं एकच.

रशियन शिकणारा मराठी माणूस इथे हमखास वैतागतो. दोन रुबल एकवचनात का? पाचाने असं काय केलं? आणि एकवीस पुन्हा एक कसे झाले? व्याकरणाच्या पुस्तकात हे तीन नियम एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून ते कुणीतरी लहरीने केलेले वाटतात. पण त्या प्रत्येकाचा जन्म वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणाने झालेला आहे, आणि त्यातली बरीचशी कारणं आपल्याला घरबसल्या समजावीत अशी आहेत.

दोन: मेलेल्या द्विवचनाचं भूत

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘बालकः, बालकौ, बालकाः’ आठवत असेल. एकवचन आणि अनेकवचनाच्या मध्ये फक्त दोघांसाठी राखून ठेवलेलं एक वचन होतं. जुन्या रशियन भाषेतही ते होतं. एक टेबल ‘स्तोल’, दोन टेबलं ‘द्वा स्तोला’. त्यातल्या शेवटच्या ‘आ’कडे पाहा. वेदांच्या भाषेत द्विवचन पुष्कळदा ‘औ’ऐवजी ‘आ’ने संपतं, म्हणून तिथे अश्विनीकुमारांची जोडी ‘अश्विना’ होते. स्तोलामधला ‘आ’ आणि अश्विनामधला ‘आ’ हे एकाच पूर्वजाकडून आलेले सख्खे चुलत. स्त्रीलिंगातही तसंच आहे. आपण ‘द्वे बालिके’ म्हणायचो, आणि रशियनमध्ये स्त्रीलिंगी नामापुढे आजही ‘द्वा’ न येता ‘द्व्ये’ येतं.

पुढे मराठीच्या पूर्वजांनी जसं द्विवचन टाकून दिलं, तसंच साधारण तेराव्या शतकापासून रशियननेही ते हळूहळू टाकलं. (स्लाव्ह भाषांपैकी स्लोव्हेनियनने ते आजवर जपलं आहे.) वचन गेलं, पण ‘द्वा स्तोला’ हा जोड रोजच्या बोलण्यात इतका घट्ट बसला होता की तो तसाच राहिला. मग नव्या पिढीच्या कानाला प्रश्न पडला की हा शेवटचा ‘आ’ कशाचा? द्विवचन कुणाला ठाऊक नव्हतं. पण ‘टेबलाचा’ हे षष्ठीचं एकवचनही नेमकं ‘स्तोला’ असंच होतं. दोन्ही रूपं योगायोगाने सारखी होती, म्हणून लोकांनी ठरवून टाकलं की दोन म्हटलं की पुढे षष्ठी एकवचन येते.

एकदा असा समज झाला की तो पसरतो. स्त्रीलिंगी नामांचं द्विवचन षष्ठीसारखं दिसत नव्हतं, तरी तीही नव्या समजुतीप्रमाणे षष्ठीत गेली. तीन आणि चार या आकड्यांचा द्विवचनाशी काही संबंध नव्हता. त्यांच्यापुढे पूर्वी सरळ प्रथमेचं अनेकवचन यायचं, जसं संस्कृतात ‘त्रयः बालकाः’. पण ते दोनाचे शेजारी, आणि दोनासारखेच विशेषणाच्या घराण्यातले. शेजाऱ्याची चाल त्यांनीही उचलली. म्हणून आज दोन, तीन, चार हे तिघे एका गटात दिसतात.

हा सगळा नुसता तर्क नाही. या मेलेल्या वचनाचा आवाज आजही ऐकू येतो. तासाला रशियनमध्ये ‘चास’ म्हणतात, चहातला च. ‘एक तासही झाला नाही’ असं म्हणायचं असेल तर षष्ठी एकवचन लागतं, आणि त्यात आघात पहिल्या अक्षरावर येतो: चा-सा, पहिला ‘चा’ ठसठशीत. पण ‘दोन तास’ म्हणताना तोच शब्द ‘द्वा चिसा’ होतो. आघात शेवटी सरकतो आणि पहिला स्वर दबून ‘चि’सारखा ऐकू येतो. लिहिताना दोन्ही रूपं अक्षराअक्षराने सारखीच. पावलासाठीचा ‘शाक’, ओळीसाठीचा ‘र्यात’ आणि आणखी दोनचार शब्दही असेच वागतात. नियम म्हणतो की दोनापुढे षष्ठी आहे, पण या शब्दांत जीभ अजून द्विवचनाचाच आघात देते. व्याकरणाने पाटी बदलली, पण घरात जुनाच भाडेकरू राहतो आहे.

पाच: आकडा नव्हे, पंगत

दोनाची षष्ठी गैरसमजातून आली, पण पाचाची षष्ठी अगदी रास्त आहे. स्लाव्ह भाषांमध्ये एक ते चार ही विशेषणं होती. ती नामाच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे बदलायची. पाचपासून दहापर्यंतचे शब्द मात्र विशेषणं नव्हती. ती नामं होती, आणि त्यांतली पाच ते नऊ चांगली स्त्रीलिंगी नामं. ‘प्यात्’चा मूळ अर्थ ‘पाच’ असा नव्हता, तर ‘पाचांचा समूह’ असा होता.

या शब्दाचं नातं संस्कृतातल्या ‘पङ्क्ति’शी आहे. आज पंक्ती म्हटलं की आपल्याला ओळ आठवते, पण वेदकाळी त्याचा अर्थ पाचांचा गट असाही होता, आणि पाच चरणांच्या एका वैदिक छंदाचं नावच पङ्क्ति आहे. त्याच पंक्तीपासून मराठीत ‘पंगत’ आली. म्हणजे मॉस्कोच्या बाजारातला ‘प्यात्’ आणि लग्नातली आपली पंगत एकाच मुळाच्या दोन फांद्या. ‘प्यात् रुब्ल्येय’चा शब्दशः अर्थ लावायचा तर तो ‘पाच रूबल’ असा न होता ‘रुबलांची पंगत’ असा होईल.

असं म्हटल्यावर विभक्तीचं कोडं राहतच नाही. समूहाचं नाव आलं की आपणही षष्ठी अनेकवचनच वापरतो. केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड, आंब्यांची पेटी. कुणी ‘केळं घड’ म्हणत नाही. रशियनने समूहाच्या शब्दाला नंतर आकडा मानलं, पण मागची षष्ठी सोडली नाही.

विशेषण आणि नाम यांच्यामधली ही चारची वेस फक्त रशियनची नाही. संस्कृतातही त्रयः, तिस्रः, त्रीणि किंवा चत्वारः, चतस्रः, चत्वारि अशी लिंगाप्रमाणे बदलणारी रूपं चारपर्यंतच आहेत. पञ्चपासून लिंगभेद संपतो. आणि विंशतिः हे तर सरळ स्त्रीलिंगी नाम आहे, त्याच्याबरोबर षष्ठी अनेकवचनही चालतं. मराठीत ही वेस माणसं मोजताना दिसते. दोघी, तिघी, चौघी असं म्हणता म्हणता पुढे आपण ‘पाचजणी’वर उडी मारतो.

कचेरीतल्या मंडळींचं नेमकं काय अडलं, ते आता सांगता येईल. षष्ठी अनेकवचन हे रशियन नामाचं सगळ्यांत खट्याळ रूप. कधी त्याला ‘एय’ लागतो, जसा रुबलाला. कधी ‘ओफ’ लागतो: टेबलाचं ‘स्तलोफ’. आणि बऱ्याच स्त्रीलिंगी शब्दांत प्रत्यय लागायच्या ऐवजी शेवटचा ‘आ’ गळून पडतो. पुस्तक ‘क्नीगा’, पाच पुस्तकं ‘प्यात् क्नीक’. कचिर्गाचा ‘आ’ गळला की शेवटी ‘र्ग’ असं जोडाक्षर उरतं आणि ते तोंडात बसत नाही. म्हणून मध्ये एक स्वर शिरतो, आघात सरकतो, शेवटचा ग ‘क’सारखा ऐकू येतो आणि शब्द होतो ‘कचिर्योक’. रूप बरोबर आहे, पण पाच सळया मागवायची वेळ आयुष्यात किती वेळा येते? कधी न ऐकलेलं रूप आपल्याच भाषेतलं असलं तरी परकं वाटतं.

याच ठिकाणी वयाची एक मजा आहे. वर्षाला ‘गोत’ म्हणतात. दोन वर्षं ‘द्वा गोदा’. पण पाच वर्षं म्हणताना हा शब्दच सोडून देतात आणि ‘प्यात् ल्येत’ म्हणतात. ल्येत हे ‘उन्हाळा’ या शब्दाचं षष्ठी अनेकवचन. पाच वर्षांचं मूल म्हणजे पाच उन्हाळ्यांचं. आपल्याकडे वडीलधारी माणसं ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असं म्हणतात, आणि ‘वर्ष’ या शब्दाचा जुना अर्थही पाऊसच. ज्या मुलखात ज्या ऋतूची वाट पाहतात, त्या ऋतूने तिथे वय मोजतात.

एकवीस: शेवटी येईल तो मालक

आता एकवीस. रशियन माणूस ते ‘वीस एक’ असं दोन सुट्या शब्दांत म्हणतो. पूर्वी मध्ये ‘आणि’ही असायचा: वीस आणि एक रूबल. नामाला फक्त लगतचा शेजारी दिसतो. शेजारी ‘एक’ आहे ना, मग एकवचन. बावीसला शेजारी ‘दोन’, म्हणून ‘रुब्ल्या’. पंचवीसला शेजारी ‘पाच’, म्हणून ‘रुब्ल्येय’. शंभर एक, हजार एक, सगळ्यांना हाच न्याय. ‘अरबी सुरस कथा’ या नावाने आपल्याला माहीत असलेल्या पुस्तकाच्या रशियन नावात ‘हजार आणि एक रात्र’ अशी एकच रात्र येते. क्रियापदही त्यामागोमाग जातं. एकवीस विद्यार्थी आले, हे रशियनमध्ये ‘एकवीस विद्यार्थी आला’ असं होतं. आपण गणपतीला एकवीस जुड्या वाहतो, तिथे रशियन व्याकरण ‘वीस एक जुडी’ वाहील.

मग अकराचं काय? त्यातही एक आहेच की. आहे, पण तो आत गाडला गेला आहे. अकरा म्हणजे ‘अदीनात्सत्’, आणि त्याची फोड ‘अदीन’, ‘ना’, ‘त्सत्’. ‘ना’ म्हणजे वर, आणि ‘त्सत्’ हा झिजलेला दहा. एक, दहावर. या शब्दाचा शेवट दहाने होतो, म्हणून नामाला शेजारी दिसतो तो दहा, आणि दहा हा पाचाच्याच घराण्यातला. बारा, तेरा, चौदा यांतही असंच. म्हणून अकरा ते चौदा हे आकडे एक ते चारसारखे न वागता पाचासारखे वागतात.

मराठी कानाला हे उलटं का वाटतं, तेही यातून कळतं. आपला एकवीस हा रशियन अकरासारखा घडलेला आहे. एक पुढे, वीस मागे, आणि दोन्ही वितळून एक शब्द झालेला. ‘एक’ नामाला चिकटत नाही, मध्ये वीस उभे असतात.

बिल वाचताना

आता दुकानात बिल वाचून दाखवायची वेळ आली असं समजू. आकडा आहे १,११२. पहिली नजर शेवटच्या दोन अंकांवर टाकायची. ते ११ ते १४ मधले असतील तर पुढे काही पाहायचं नाही, ‘रुब्ल्येय’. इथे शेवटी १२ आहेत, म्हणून ‘रुब्ल्येय’. आकडा १,१२२ असता तर शेवटचे दोन अंक त्या कचाट्यातून सुटतात, मग फक्त शेवटचा अंक पाहायचा. तो २, म्हणून ‘रुब्ल्या’. १,१२१ असता तर ‘रुब्ल’. आणि शेवटचा अंक शून्य किंवा पाच ते नऊपैकी असेल तर पुन्हा ‘रुब्ल्येय’. १,१११ मध्ये चारही एकच दिसतात म्हणून फसू नये, शेवट अकराचा आहे.

नवशिक्याची चूक ओळखायची खूण सोपी आहे. तो बहुधा अकरा ते चौदामध्ये पडतो, किंवा दोनापुढे साधं अनेकवचन लावतो. कळायचं ते कळतंच, दुकानदार पैसे बरोबर घेतो. पण रशियन कानाला ही शेपूट उपयोगी पडते. गोंगाटात आकडा नीट ऐकू आला नाही आणि शेवटी ‘रुब्ल्या’ ऐकू आलं, तर तो बारा नक्की नव्हता, बावीस किंवा बत्तीस असू शकतो. आकडा हुकला तरी नाम त्याची साक्ष देतं.

या सगळ्या नियमांना एक कुंपण आहे, ते सहसा उशिरा कळतं. ‘रुब्ल्या’ आणि ‘रुब्ल्येय’चा हा खेळ फक्त मोजलेली वस्तू वाक्यात कर्ता किंवा साधं कर्म असते तेव्हाच चालतो. वाक्याने दुसरी विभक्ती मागितली की खेळ संपतो. ‘दोन रुबलांना’, ‘पाच रुबलांनी’ असं म्हणायचं झालं की दोन असोत वा पाच, नाम सरळ अनेकवचनात त्या विभक्तीचा प्रत्यय घेतं, आणि आकडाही त्याच विभक्तीत त्याच्यामागे चालतो. पाच रुबलांकडे: ‘क पिती रुब्ल्याम’. इथे ‘पिती’ हे पाचाचं चतुर्थीचं रूप आणि ‘रुब्ल्याम’ हे रुबलांचं. जुन्या भाषेत ‘पंगतीकडे, रुबलांच्या’ अशी रचना होती, षष्ठी तिथेही टिकून होती. कालांतराने पाचाची सत्ता कमी झाली. प्रथमेत तो अजून पंगत आहे, बाकी विभक्तींत तो आपल्या पाचासारखा विशेषण होऊन गेला. आपणही ‘पाच रुपयांना’ म्हणताना विभक्ती रुपयालाच लावतो.

म्हणजे एका छोट्याशा जोडशब्दात तीन काळ एकत्र नांदतात. दोनात द्विवचनाचा गैरसमज आहे, पाचात समूहाचं नाव आहे आणि एकवीसात साधी बेरीज.

झोश्चेन्कोच्या कचेरीला वाटही त्या बेरजेतच होती. पाच सळयांनी त्यांना घाम फुटला, सहा, सात किंवा अकरा मागितल्या असत्या तरी फुटला असता. पण एकवीस मागितल्या असत्या, तर ‘वीस एक सळई’ लिहून अर्ज सरळ झाला असता. हे एकवचन त्या कचेरीत प्रत्येकाला तोंडपाठ होतं. उरलेल्या सोळा सळया ठेवायला एखादी अडगळीची खोली तेवढी शोधावी लागली असती.